आदर कुठे ठेवायचा?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या फळ्यावर इंग्रजीत एक सूचना लागली. ‘ऑल मेंबर्स आर हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट वॉटर सप्लाय विल बी डिसकंटिन्यूड ड्यू टू अनअव्हॉइडेबल सर्कमस्टान्सेस.’ वाक्य भारदस्त होतं. पण पाणी कधी जाणार, किती वेळ, हे त्यात नव्हतं. कारण साधं होतं, टाकी धुवायची होती. टाकी धुण्याला ‘अपरिहार्य परिस्थिती’ म्हणायची काय गरज, ते कुणी विचारलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मात्र गुरुवारी सकाळी रिकामी बादली घेऊन जिन्यात उभ्या होत्या.

सचिवांना विचारलं तर म्हणाले, “अहो, नोटीस फॉर्मल नको का?”

हवीच. पण औपचारिक म्हणजे जड, अशी आपली समजूत झाली आहे. १९४८ साली अर्नेस्ट गॉवर्स यांनी खास सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक लिहिलं, ते हीच सवय मोडायला. सूचनेची औपचारिकता एवढीच की ती सगळ्यांना एकसारखी लागू असते, म्हणून तिच्यात लाडीगोडी नसते आणि ‘वोन्ट’, ‘डोन्ट’ अशी आखूड रूपंही शक्यतो नसतात. ‘हिअरबाय’ काढून टाकलं तर काहीच बिघडत नाही. ‘विल बी डिसकंटिन्यूड’मध्ये बंद करणारा कोण, ते दिसत नाही. कर्मणी प्रयोग काही पाप नव्हे, पण जबाबदार माणसाला वाक्यामागे लपायला तो फार सोयीचा पडतो.

अर्जात घोटाळा वेगळा होतो. शेजारची मुलगी पहिल्याच नोकरीत रजेचा इंग्रजी अर्ज घेऊन आली. ‘रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट’ अशी सुरुवात, मधे दोनदा ‘सर’, शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल अँड ऑब्लाइज’. तिला मी हसलो नाही. तिची अडचण खरी आहे. मराठीत आदर क्रियापदातच बसतो: दे, द्या, द्यावी. इंग्रजीत तू-तुम्ही हा भेदच उरलेला नाही. ‘दाऊ’ प्रमाण इंग्रजीतून तीनचारशे वर्षांपूर्वीच मागे पडला. मग राहून गेलेला आदर आपण ‘सर’ आणि ‘काइंडली’ पेरून भरून काढतो. त्यात ‘काइंडली’ची गंमत अशी की इंग्रजांच्या कानाला हा शब्द पुष्कळदा वैतागलेला वाटतो.

मग इंग्रज आदर कुठे ठेवतो? शब्दांनी राखलेल्या अंतरात. ‘कॅन यू’चं ‘कुड यू’ होतं, ‘आय वॉन्ट’चं ‘आय वुड लाइक’ होतं. रूप भूतकाळाचं, मागणी आजची. हे आपल्यालाही परकं नाही. “जरा काम होतं तुमच्याकडे” असं आपण म्हणतो तेव्हा काम काही कालचं नसतं. हे सांगितल्यावर मुलीने अर्ज स्वतःच बदलला: ‘आय हॅव फीव्हर अँड वुड लाइक टू टेक लीव्ह ऑन मंडे अँड ट्यूजडे.’ कारण आलं, दिवस आले. पुढे काम कोण सांभाळेल, याची एक ओळ तिने आपणहून घातली. ‘बेग’ मात्र खोडला. हक्काची रजा भीक मागून का घ्यावी?

विनय आणि लाचारी यांतला फरक पाहायचा तर गांधीजींचं २ मार्च १९३० चं पत्र आठवावं. व्हाइसरॉयला ‘युअर एक्सलन्सी’ म्हणायचा तो काळ. गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनना मायना लिहिला ‘डिअर फ्रेंड’. पत्रात ब्रिटिश राज्य हा शाप आहे असं स्पष्ट म्हटलं, आणि तरीही कुठे आवाज चढवला नाही. उत्तर खासगी सचिवाकडून आलं, अगदी त्रोटक.

गप्पांच्या खिडकीत मात्र औपचारिकपणाच दुरावा आणतो. मित्राने “उद्या येतोस का?” विचारलं आणि आपण ‘आय रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ लिहिलं, तर तो फोन करून विचारेल, काही चुकलं का माझं? तिथे ‘सॉरी, कान्ट मेक इट’ पुरतं. पण कुणाच्या घरचं कोणी गेलं असेल, तर तीन अक्षरी ‘आरआयपी’ टाकून मोकळं होऊ नये. तिथे दोन पूर्ण वाक्यं लिहावीत, शक्यतो मराठीत.

सचिव मनाने सरळ आहेत. पुढच्या खेपेची सूचना त्यांनी मला आधी दाखवली: ‘द वॉटर टँक विल बी क्लीन्ड ऑन थर्सडे. देअर विल बी नो वॉटर फ्रॉम टेन टू फोर. प्लीज स्टोअर इनफ.’ खाली तेच मराठीत आणि त्यांचं नाव, फोन नंबर. त्या गुरुवारी आजींची बादली आदल्या रात्रीच भरलेली होती.