दोन मात्रांमधला तास

बसा. उशाशी नको, थोडं बाजूला, जिथून आईचा चेहरा आणि छातीची हालचाल दोन्ही दिसतील. रात्रीचे सव्वादोन वाजले आहेत. सकाळ-संध्याकाळची ३० मिलिग्रॅमची मॉर्फिनची गोळी चालू असतानाही पाठीतून कळ उसळली आहे. तिच्या कपाळावर आठी आहे आणि हात चादर मुठीत धरतो आहे.

अशा कळेसाठी दिलेल्या पातळ मॉर्फिनची बाटली उचलण्याआधी लेबल वाचा. सावकाश, ओठ हलवून. ‘५ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम.’ म्हणजे एका मिलिलिटरला २ मिलिग्रॅम. आता डॉक्टरांचा कागद वाचा. रोजच्या ६० मिलिग्रॅमचा दहावा भाग म्हणून अचानक येणाऱ्या कळेसाठी ६ मिलिग्रॅम लिहिलं आहे, म्हणजे ३ मिलिलिटर. कुणाला सहावा भागही देतात. तो हिशोब डॉक्टरांचा, मोजणं तुमचं. एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम असलेलं तीव्र औषधही असतं. त्याचे ३ मिलिलिटर म्हणजे ६० मिलिग्रॅम, दिवसभराचं औषध एका घोटात. म्हणून नवी बाटली आली की लेबल पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. घरातल्या चमच्याने मोजू नका. बिनसुईची सिरिंज घ्या, डोळ्यांच्या पातळीवर धरा, ३ च्या रेघेपर्यंत भरा.

आईला उशी लावून बसतं करा. ती जागी आहे, गिळते आहे, हे पाहून औषध गालाच्या आत हळूहळू सोडा. वहीत लिहा: २.२०, ३ मिलिलिटर, दुखणं दहापैकी ८.

आता थांबायचं आहे, आणि अवघड काम हेच आहे.

पहिली वीस मिनिटं काही घडत नाही असं वाटेल. ती कण्हेल. हात बाटलीकडे जाईल. जाऊ देऊ नका. औषध पोटातून रक्तात उतरायला वीस-तीस मिनिटं घेतं आणि त्याचा जोर तासाभराने पूर्ण चढतो. पंचविसाव्या मिनिटाला दुसरी मात्रा दिली, तर पहिलीचा चढ पुरा होण्याआधीच दुसरी तिच्यावर चढते. आत्ता कमी पडलेलं औषध साडेतीनला जास्त झालेलं असेल. कागदावर ‘किमान एक तासाने’ लिहिलं आहे. काहींच्या कागदावर दोन किंवा चार तासही असतात. तुमचा कागद म्हणेल तेच अंतर. तोवर तिचा हात धरा, पाठीखाली घडी सरकवा, कूस बदला.

तीन वाजता आठी सुटते. डोळे मिटतात. आता तुम्हाला भीती वाटेल: ही झोप की गुंगी? हळूच हाक मारा, खांद्याला हात लावा. ती डोळे उघडते, ‘पाणी’ म्हणते, पुन्हा मिटते. ही दुखण्याने हिरावलेली झोप आहे, तिला लागू द्या. औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर पहिले दोन-तीन दिवस असं पेंगणं येतं आणि बहुधा ओसरतं.

आता श्वास मोजा. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट, कारण पंधरा सेकंदांचा हिशोब इथे फसवतो. चौदा आले, एकसारखे. लिहा.

जास्त झालं असेल तर बहुधा आधी गुंगी वाढते, श्वास नंतर मंदावतो. म्हणून नजर गुंगीवर हवी. बोलता बोलता वाक्य अर्धवट राहून डोळे मिटणं, जीभ जड होणं, हातापायांना अधूनमधून झटके, नसलेली माणसं खोलीत दिसणं. यातलं काही दिसलं की पुढची मात्रा द्यायची नाही. वेळेची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. हलवूनही ती जागी होत नसेल, किंवा श्वास मिनिटाला आठच्या खाली असतील, तर तिला कुशीवर वळवा आणि लगेच १०८ला फोन करा. आजार अगदी शेवटाकडे आला असेल तर अशी झोप आणि असा श्वास आजारामुळेही येतो. त्या दिवसांत काय करायचं, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

एका गोष्टीपाशी थोडं जास्त थांबा. तीच मात्रा आठवडाभर नीट चाललेली असते आणि एके दिवशी ती जड होते. दोन दिवस उलट्या झाल्या, पाणी पोटात ठरलं नाही, लघवी कमी आणि गडद झाली. मॉर्फिनचं शरीरात जे रूपांतर होतं, ते मूत्रपिंडांतून बाहेर पडतं. तिथे अडलं की ते साचत जातं. तुम्ही काहीही वाढवलेलं नसतं, तरी हाताला झटके दिसतात. म्हणून मात्रेच्या शेजारी लघवी किती वेळा झाली, हेही लिहा. झोपेची गोळी कुणी नव्याने दिली असेल तर तेही लिहा, कारण तिची गुंगी यात मिसळते.

३.२० झाले. ती झोपली आहे, दुसरी मात्रा नको. जागी असती, दुखणं तितकंच असतं आणि श्वास ठीक असता, तर कागदानुसार ती देता आली असती. दिवसभरात अशा तीनहून जास्त मात्रा लागल्या तर वेळेची गोळी कमी पडते आहे. सकाळी फोन करा आणि वही समोर धरून सांगा: मात्रा कधी, किती, तासाभराने दुखणं किती उरलं, श्वास किती, लघवी कधी झाली, शौचाला कधी झाली.