बिल्बोची थाप

दीर्घ कथामालेत आधी प्रकाशित झालेल्या घटनेला पुढील लेखनाशी जुळेल असे नवे रूप मागाहून देणे, यास ‘रेटकॉन’ म्हणतात. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’च्या १९३७ च्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या पैजेत अंगठी आपण होऊन पणाला लावतो, ती सापडत नाही, तेव्हा क्षमा मागून बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना हीच अंगठी धारकाला गुलाम करणारी ठरली आणि असा उदार गॉलम अशक्य झाला. १९५१ च्या आवृत्तीत तो बिल्बोच्या जिवावर उठतो.

पण विकलेल्या प्रती परत घेता येत नाहीत. म्हणून नव्या कादंबरीने जुना पाठ ही बिल्बोचीच थाप ठरवली. अंगठीवरचा आपला हक्क निर्विवाद दिसावा म्हणून त्याने ती रचली. लेखकाने स्वतःच्या बदलाचे ओझे असे पात्राच्या माथी मारावे काय? (पात्राला तक्रारीची सोय नसते.) १९३७ च्या वाचकाचा बिल्बोवरील विश्वासही त्यामुळे मागाहून फसवला गेला. तरीही ही निव्वळ सारवासारव नव्हे. सरळमार्गी बिल्बो खोटे बोलला, हेच अंगठीच्या बाधेचे पहिले लक्षण ठरते, आणि गॅन्डाल्फचा संशय तेथूनच सुरू होतो.