अबालिग आणि अकोला

‘अबालिगला जाणारी बोट मांडव्याला लागते’ हे वाक्य रायगडच्या किनाऱ्यावरचा माणूस न अडखळता वाचतो. पहिले आणि शेवटचे अक्षर जागेवर असले आणि वाक्याने बाजू सावरली, की आतली अदलाबदल तो मनात दुरुस्त करून घेतो. मात्र अशी दुरुस्ती फुकट होत नाही. कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये इंग्रजी वाक्यांवर केलेल्या प्रयोगात मधली अक्षरे हलवल्यावर वाचनाचा वेग सुमारे 11 टक्क्यांनी घटला, तर सुरुवातीची हलवल्यावर सुमारे 36 टक्क्यांनी. अक्षरे कशीही विस्कटली तरी चालते, ही लोकप्रिय समजूत त्यामुळे अर्धीच खरी आहे.

मराठीत आधी प्रश्न पडतो तो ‘अक्षर’ कशाला म्हणायचे हा. वाचणाऱ्याला ‘अलिबाग’मध्ये अ, लि, बा, ग अशी चार अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र वेलांटी आणि काना ही स्वतंत्र चिन्हे असल्याने तोच शब्द अ, ल, ि, ब, ा, ग असा सहा घटकांचा होतो. माणसाच्या दृष्टीने ‘अबालिग’मध्ये लि आणि बा यांची एकदाच अदलाबदल झाली आहे. घटक मोजणाऱ्या प्रोग्रॅमला तेथे चार ठिकाणी बदल दिसतो.

चुकीचे शब्द सुधारणारे बरेच प्रोग्रॅम एका शब्दावरून दुसऱ्यावर जायला किती घटक घालावे, काढावे किंवा बदलावे लागतात ते मोजतात. या हिशेबाने ‘अबालिग’पासून ‘अलिबाग’ चार पावलांवर आहे. आता ‘अकोला’ पाहा. ब च्या जागी क, काना जाऊन ो, ल तसाच, वेलांटीच्या जागी काना, आणि शेवटचा ग गेला. हीसुद्धा चारच पावले. म्हणजे समुद्रकाठचे गाव आणि विदर्भातले शहर प्रोग्रॅमला सारखेच जवळचे वाटतात. त्यातही अनेक शब्दशोधक एकदोन पावलांपलीकडे पाहतच नाहीत, त्यामुळे दोन्ही नावे सुटतात.

घटकच विस्कटले तर माणूसही अडखळतो. ‘श्रीवर्धन’मधल्या र आणि ध यांची जागा बदलली की रफार नाहीसा होऊन ‘श्रीवध्रन’ होते. शब्दाच्या सुरुवातीलाच वेलांटी तिच्या व्यंजनाआधी येऊन पडली, तर पडद्यावर बहुधा ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. तेथे वाचायला अक्षरच उरत नाही. ‘मुरुड’ आणि ‘रेवस’ यांना मात्र मधल्या अक्षरांच्या अदलाबदलीचे भय नाही, कारण त्यांच्या मध्ये एकच अक्षर आहे. विभक्ती लागली की तेही बदलते: ‘मुरुडला’मध्ये हलवण्याजोगी दोन अक्षरे तयार होतात. म्हणून शोधताना ‘ला’, ‘हून’ असे प्रत्यय आधी बाजूला काढलेले बरे.

उपाय सोपा आहे: तुलनेआधी शब्द अक्षरांत तोडायचा आणि शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल हे एकच पाऊल धरायचे. मग अलिबाग एका पावलावर येते, अकोला लांब राहते. अडचण तोडण्यात होती. युनिकोडच्या जुन्या नियमाने ‘श्री’चे ‘श्’ आणि ‘री’ असे तुकडे पडत. देवनागरीतली जोडाक्षरे अखंड ठेवणारा नियम 2023 मध्ये, 15.1 या आवृत्तीत आला. जुन्या नियमावर चालणारी साधने अजूनही श्रीवर्धनचे पहिलेच अक्षर तोडतात.