उडी आकड्याची, आळ माणसावर

जुलै 2020 मध्ये गायिका भूमी त्रिवेदी यांच्या नावाने कुणीतरी खोटे इन्स्टाग्राम खाते चालवत असल्याची तक्रार मुंबई पोलिसांकडे गेली, आणि त्या तपासातून पैसे घेऊन फॉलोअर्स पुरवण्याचा धंदा उघडकीस आला. आज ठाण्या-डोंबिवलीत घरून केक करणारी, क्लास चालवणारी, साड्या विकणारी माणसे याच आकड्यावर जोखली जातात. जाहिरात देणारा आधी फॉलोअर्स विचारतो. म्हणून हा आकडा खरा की विकतचा, हे तपासणाऱ्याच्या हाती कुणाची तरी अब्रू असते.

तपासाची सुरुवात साध्या वहीने होते. रोज ठरलेल्या वेळी फॉलोअर्सची संख्या लिहायची आणि कालच्यापेक्षा किती वाढली ते शेजारी मांडायचे. संख्या पूर्ण हवी. मोठ्या खात्यांचा आकडा ॲपवर गोल करून दिसतो, त्यात पन्नासेकांची वाढ सहज लपते. तीन दिवस नोंद करायची राहिली, तर चौथ्या दिवशी चार दिवसांची वाढ एकदम दिसते आणि नसलेली उडी भासते. अशा जागी वहीत रिकामा दिवस रिकामाच दाखवावा.

समजा, डोंबिवलीत फराळ विकणाऱ्या एका ताईंचे पान आहे. गेल्या चार आठवड्यांच्या रोजच्या वाढी चढत्या क्रमाने लावल्या तर मधली वाढ 6 येते, आणि बहुतेक दिवस त्या सहाच्या तीन-चार इकडेतिकडे असतात. इथे सरासरी घेऊ नये, कारण एकच मोठी उडी सरासरीला वर ओढते आणि पुढची उडी तिच्या आड दडते. मधला आकडा असा हलत नाही. आता एका दिवशी 640 जण वाढले, तर वहीत खूण करायलाच हवी.

पण ती खूण फक्त त्या दिवसावर असते. तो दिवस दिवाळी पहाटेचा असेल, फडके रोडवर जमलेल्या गर्दीत ताईंनी काढलेले रील हजारोंनी पाहिले असेल, तर 640 नंतर 410, मग 190, मग 80 असा ओघ हळूहळू ओसरतो. रीलचे व्ह्यूज वाढलेले असतात, खाली ‘चकली कधी मिळेल’ असे विचारणारे असतात. याउलट काहीही टाकलेले नसताना एका रात्रीत 2,014 वाढतात, दुसऱ्या दिवशी 11 कमी, मग 38 कमी, मग 25 कमी. पुढच्या रीलला मात्र पूर्वीसारखेच तीनशे व्ह्यूज. विक्रेता बहुधा गोल आकड्याची ऑर्डर घेतो, गळती धरून थोडे जास्त देतो, आणि कंपनी खोटी खाती काढत गेली की संख्या झिरपत राहते. हुशार विक्रेता रोज थोडे थोडे सोडतो. तेव्हा उडी दिसतच नाही. दिसते ती रविवार-सोमवार न पाहता रोज जवळपास सारखी होणारी वाढ. खऱ्या माणसांची वाढ इतकी सपाट नसते.

यानंतर त्या दिवसांत आलेली खाती पाहायची, आणि माझ्या मते खरी जबाबदारी इथेच आहे. फोटो नाही, एकही पोस्ट नाही, नावामागे आकड्यांची शेपटी, स्वतः हजारोंना फॉलो करणारे: ही बॉटची लक्षणे म्हणून सांगतात. पण कल्याणच्या चाळीतली एखादी मावशी फोटो लावत नाही, पोस्ट टाकत नाही, आणि हवे ते नाव आधीच कुणी घेतलेले असल्याने नावापुढे आकडे जोडते. ती खरी गिऱ्हाईक असते. एका खात्यावरून काहीच ठरत नाही. एकाच रात्री आलेल्या दोनशे खात्यांपैकी दीडशे तशीच निघाली आणि आधीच्या महिन्यातल्या दोनशेंत तशी वीसच होती, तर त्या घोळक्याबद्दल बोलता येते. न्यूयॉर्क टाइम्सने 2018 मध्ये ट्विटरवरचा असा बाजार उघड केला, तेव्हाही फॉलोअर्स ज्या क्रमाने आले त्या क्रमाने त्यांच्या खात्यांच्या जन्मतारखा मांडल्या होत्या. विकतचे घोळके त्या चित्रात पट्ट्यांसारखे वेगळे उठून दिसत.

घोळका विकतचा ठरला तरी तो कुणी विकत घेतला, हे वही सांगत नाही. फॉलोअर्स कुणीही कुणाच्याही सार्वजनिक खात्यावर पाठवू शकते, त्याला खातेदाराचा पासवर्ड लागत नाही. शेजारच्या गल्लीतल्या स्पर्धकाने ताईंना बदनाम करायला पाठवलेले असू शकतात. बॉट चालवणारेही खरे वाटावे म्हणून असंबद्ध खात्यांना फॉलो करतात. म्हणून ‘ताईंनी फॉलोअर्स विकत घेतले’ असे लिहिण्याचा हक्क तपासणाऱ्याला नाही. ‘अमुक तारखेची वाढ संशयास्पद, कारण सापडले नाही’ एवढेच लिहावे, आणि जाहिरातदाराला कळवण्याआधी ताईंना विचारावे. फॉलोअर्स कोणत्या शहरांतले आहेत, हे खातेदाराला स्वतःच्या इनसाइट्समध्ये दिसते. डोंबिवली-ठाण्याच्या जागी अचानक दूरदेशीची शहरे वर आली असतील, तर ते त्यांनाही पाहायला हवे. पुष्कळदा ते त्यांनी पाहिलेलेही नसते.