वारा फिरतो तेव्हा काय सरकतं?

भूगोलाच्या पुस्तकात मोसमी वाऱ्यांचं एक उत्तर आपण सगळेच शिकलो आहोत. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, तिथे कमी दाब निर्माण होतो आणि समुद्रावरची दमट हवा जमिनीकडे धावते. हिवाळ्यात जमीन लवकर निवते, म्हणून वारा उलट फिरतो. कोकणच्या किनाऱ्यावर खारे आणि मतलई वारे चोवीस तासांत जे करतात, तेच मोसमी वारे बारा महिन्यांत करतात, असा त्याचा अर्थ. हे उत्तर इतकं नेटकं आहे की त्यावर शंका घ्यावी असं कुणाला वाटत नाही. मला मात्र त्याची खरी गोष्ट ते कुठे तुटलं इथून सुरू होते असं वाटतं.

ते उत्तर मांडलं एडमंड हॅली यांनी, १६८६ मध्ये. धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेले हेच ते हॅली. विशीत असताना ते दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर आकाशनिरीक्षणासाठी राहून आले होते. पुढे त्यांनी खलाशांकडून वाऱ्यांची माहिती जमवली आणि उष्ण कटिबंधातल्या वाऱ्यांचा नकाशाच काढला. अरबी समुद्रात वर्षातून दोनदा वारा उलटतो, हे व्यापाऱ्यांना आणि नाखव्यांना शतकानुशतकं ठाऊक होतं. त्याच हिशोबानं गलबतं अरबस्तान आणि आफ्रिकेकडे निघत आणि परतत. पण हे कशामुळे होतं, याचं भौतिक कारण शोधण्याचा पद्धतशीर प्रयत्न हॅली यांचा. उत्तरेला आशियाचा अवाढव्य भूभाग आणि दक्षिणेला समुद्र अशी रचना हिंदी महासागराचीच आहे, म्हणून वारे इथे एवढे ठळकपणे उलटतात, हे त्यांचं निरीक्षण आजही टिकून आहे.

अडचण दिशेची होती. दक्षिणेकडून उत्तरेच्या तापलेल्या जमिनीकडे हवा जात असेल, तर वारा दक्षिणेचा असायला हवा. आपल्याकडे येतो तो नैऋत्येकडून. या कोड्याची किल्ली १७३५ मध्ये जॉर्ज हॅडली यांच्या हाती आली, तीही व्यापारी वाऱ्यांचा विचार करताना. हवा उत्तर-दक्षिण सरकत असताना खालची पृथ्वी फिरत असते, हे त्यांनी हिशोबात धरलं. त्यांचं गणित पुढे दुरुस्त झालं. आज आपण ज्याला कोरिऑलिस परिणाम म्हणतो, त्यानुसार वाहती हवा उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे. दक्षिण हिंदी महासागरातून विषुववृत्ताकडे निघालेली हवा डावीकडे झुकते, म्हणून तिथे वारा आग्नेयेकडून येतो. तीच हवा विषुववृत्त ओलांडते आणि उजवीकडे वळू लागते. आफ्रिकेच्या पूर्वेकडचे डोंगर तिला पश्चिमेकडे पसरू देत नाहीत, ती सोमालियाच्या किनाऱ्यालगत वेगवान प्रवाह होऊन वळते आणि अरबी समुद्रावरून नैऋत्य वारा म्हणून सह्याद्रीवर आदळते. आपल्या पावसाचा वारा हा दक्षिण गोलार्धातला व्यापारी वाराच आहे, हद्द ओलांडून आलेला.

हे लक्षात आलं की प्रश्नाचं रूपच बदलतं. व्यापारी वारे तर बारमाही वाहतात. उन्हाळ्यात ते विषुववृत्तावर न थांबता एवढे उत्तरेला का येतात, हे शोधायला हवं. पण या वळणावर पोहोचायला फार वेळ लागला, कारण तापलेल्या जमिनीचं उत्तर सगळ्यांना पुरेसं वाटत होतं.

त्याला पहिला जोराचा धक्का दिला जॉर्ज सिम्पसन यांनी. ते सिमल्याला भारताच्या हवामान खात्यात काम करून गेलेले शास्त्रज्ञ. १९२१ मध्ये नैऋत्य मोसमी वाऱ्यांवर बोलताना त्यांनी तीन साध्या गोष्टी पुढे ठेवल्या. भारत सर्वांत तापलेला असतो मे महिन्यात, पण मोसमी वारे जोरात असतात जुलैमध्ये, जमीन बरीच निवल्यावर. देशातला सर्वांत उष्ण भाग वायव्येचा, आणि पाऊस तिथेच सर्वांत कमी. तिसरी गोष्ट मला सर्वांत निर्णायक वाटते: ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी जमीन अधिक तापलेली असते. तापलेली जमीनच पाऊस ओढून आणत असेल, तर दुष्काळी वर्षात पाऊस वाढायला हवा होता. २००२ च्या जुलैत देशात सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला. पाऊस नव्हता म्हणून जमीन तापत राहिली, पण त्या तापण्यानं पाऊस आला नाही. जमिनीचं तापमान पावसाच्या मागे चालत होतं, पुढे नव्हे.

वायव्येचं उदाहरण थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. सिंध आणि राजस्थानावर उन्हाळ्यात खरोखरच कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, आणि ते निव्वळ तापण्यातून होतं. पण ते उथळ असतं, दीड-दोन किलोमीटरच्या वर त्याची खूण उरत नाही. त्याच्या वरची हवा वर चढत नाही, ती खाली उतरत असते, आणि उतरणारी हवा ढग वाढू देत नाही. पावसाळ्यातलं अभिसरण मात्र चौदा-पंधरा किलोमीटर उंच असतं. खाली नैऋत्येचा वारा आणि वर, पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात ओळखलेला, पूर्वेकडून वाहणारा जोरदार झोत. खाऱ्या वाऱ्याच्या बुटक्या चक्राला एवढी उंची कधीच गाठता येत नाही.

मग ती उंची येते कुठून? नागपूरचं उदाहरण घेऊ. मे महिन्याच्या दुपारी तिथे पारा ४३ अंशांच्या आसपास असतो, पण हवा कोरडी असते, किलोभर हवेत साधारण ८ ग्रॅम वाफ. जुलैत पारा ३१ पर्यंत उतरतो आणि वाफ १९ ग्रॅमपर्यंत चढते. एक ग्रॅम वाफेचं पाणी झालं की त्यातून सुटणारी उष्णता किलोभर हवेचं तापमान सुमारे अडीच अंशांनी वाढवते. जुलैतल्या जादा ११ ग्रॅम वाफेत २७ अंशांची उष्णता दडलेली आहे, आणि तापमानात गमावलेले अंश आहेत फक्त १२. तापमापीला जुलै थंड दिसतो, पण ढगाच्या दृष्टीनं जुलैची हवा मेपेक्षा कितीतरी श्रीमंत आहे. ही दडलेली उष्णता वर जाताना सुटत राहते, हवेचा अख्खा स्तंभ आतून तापतो, खालचा दाब उतरतो आणि आणखी दमट हवा ओढली जाते. वारा पाऊस आणतो हे आपण म्हणतोच, पण पाऊसही वाऱ्याला ओढतो.

असे ढग विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीभोवती पट्ट्यानं जमतात. दोन्ही गोलार्धांचे व्यापारी वारे तिथे एकत्र येतात. भारताचा पावसाळा म्हणजे हाच पट्टा उत्तरेला येणं, हा विचार अमेरिकी शास्त्रज्ञ ज्यूल चार्नी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मांडला. त्याला आपल्या आकाशातला पुरावा दिला डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी. पुण्यात जन्मलेल्या गाडगीळ बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मोसमी पावसावर काम करत होत्या, सिक्का पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत. एप्रिल ते ऑक्टोबरची उपग्रहचित्रं त्यांनी दिवसामागून दिवस तपासली आणि ७० ते ९० अंश पूर्व रेखांशांमध्ये ढगांचा पट्टा रोज कुठे आहे ते नोंदलं. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसतं ते असं: पावसाळ्यात एक पट्टा जमिनीवर असतो आणि दुसरा विषुववृत्ताजवळच्या उबदार समुद्रावर. जमिनीवरचा पट्टा क्षीण होतो, पाऊस ओढ देतो, आणि दोन ते सहा आठवड्यांच्या अंतरानं समुद्रावरचा पट्टा उत्तरेकडे सरकत येऊन त्याला पुन्हा जीव देतो. भर पावसाळ्यात शेतकरी आकाशाकडे बघत काढतो ते कोरडे दिवस, आणि वारा फिरण्याचं मूळ कारण, ही दोन्ही एकाच पट्ट्याच्या हालचालीची रूपं ठरली. हे काम मला फार मोलाचं वाटतं.

मग जमीन-पाण्याच्या फरकाचं काय? तो खोटा नाही, त्याचं काम वेगळं आहे. प्रशांत महासागराच्या मधोमध हाच पट्टा वर्षभरात काही अंशच हलतो, कारण खोलवर मिसळणारं पाणी सूर्यामागे धावू शकत नाही. भारताच्या रेखांशांवर मात्र तो जानेवारीत विषुववृत्ताच्या दक्षिणेला, दहाएक अंशांवर असतो आणि जुलैत गंगेच्या मैदानापर्यंत पोहोचतो. जमिनीची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कमी, म्हणून तिच्यावरची हवा सूर्याची बदलती जागा चटकन पकडते. एप्रिल-मेचं तापणं पट्ट्यासाठी वाट तयार करतं. पुढचं काम वाफेचं.

पट्टा एवढ्या उत्तरेला टिकतो त्याला हिमालयाचीही साथ आहे. तिबेटचं पठार उंचावर तापतं आणि तेच मोसमी पावसाचं इंजिन आहे, असं १९५० च्या दशकापासून बरेच शास्त्रज्ञ मानत. २०१० मध्ये विल्यम बूस आणि झिमिंग कुआंग यांनी संगणकीय प्रारूपात पठार सपाट केलं आणि हिमालयाची अरुंद भिंत तेवढी ठेवली. भारताचा पावसाळा जवळपास तसाच राहिला. भिंतीचं मुख्य काम उत्तरेची थंड, कोरडी हवा मैदानातल्या दमट हवेत मिसळू न देणं हे असावं, असं त्यातून पुढे आलं. हिमालयाच्या उतारांचं तापणंही महत्त्वाचं आहे असं म्हणणारे आहेत, आणि तो वाद मिटलेला नाही.

हिवाळ्याचा उलटा वाराही यातून उलगडतो. सैबेरियातली गारठलेली हवा भारतावर येते असं सर्रास सांगितलं जातं, पण तिच्या वाटेत हिमालय उभा आहे. पट्टा दक्षिणेला गेला की अरबी समुद्र त्याच्या उत्तर बाजूला पडतो. उत्तर गोलार्धाच्या या अक्षांशांवर जो वारा एरवीही असायचा, तो ईशान्येचा व्यापारी वाराच तिथे वाहू लागतो. त्या अर्थी अपवाद आहे तो आपला नैऋत्य वारा.

कोणतं उत्तर बरोबर, हे आता केवळ पुस्तकापुरतं राहिलेलं नाही. पृथ्वी तापते आहे आणि जमीन समुद्रापेक्षा वेगानं तापते आहे. खाऱ्या वाऱ्याचं उत्तर पुरेसं असतं, तर मोसमी वारे वर्षागणिक जोरदार होतील असा अंदाज बांधता आला असता. हवामानाची बहुतेक प्रारूपं वेगळं चित्र दाखवतात: वाऱ्याचं अभिसरण काहीसं मंदावतं, आणि तरीही हवेत वाफ वाढल्यानं एकूण पाऊस वाढतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य भारताच्या बऱ्याच भागात मात्र पाऊस घटला. हवेतले धूलिकण आणि धूर, हिंदी महासागराचं तापणं अशी त्याची कारणं आज तपासली जात आहेत, आणि त्या प्रत्येकाबाबत विचारायचा प्रश्न एकच आहे: त्यामुळे तो पट्टा कुठे सरकतो?