बगळा की पताका?

२०१७ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या ह्यांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी केस रंगवले. पाठोपाठ दोन नवे शर्ट आले, अत्तराची कुपी आली. कापडाच्या पेढीवर हिशेब लिहायला हे साडेदहाला जायचे, ते नऊलाच निघू लागले. मंगळवारी आणि शुक्रवारी सूर्यास्ताआधी जेवायला घरी यायचं सोडून डबा नेऊ लागले. मोबाईल पालथा ठेवायची नवी सवय लागली. विचारलं तर, "काम वाढलंय," एवढंच.

बाईच्या मनात अशा वेळी काय येतं ते सांगायला नको. माझ्याही आलं. एका रात्री मी त्यांचा मोबाईल हातात घेतला. तो उघडला नाही, पण आपण कुठवर आलो ते मला कळलं.

त्याच सुमारास दशलक्षण पर्व सुरू झालं. आमच्या मंदिरात त्या दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतात. पहिल्याच अध्यायात जाणण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: अवग्रह, ईहा, अवाय, धारणा. आचार्य पूज्यपादांनी टीकेत त्याचं सोपं उदाहरण दिलंय. दूर काहीतरी पांढरं दिसलं, हा अवग्रह. ती पताका असेल की बगळा, अशी शोधाची इच्छा झाली, ती ईहा. ते वर उडालं, खाली आलं, पंख हलवले. म्हणजे बगळाच, हा झाला अवाय. आणि ते मनात टिकलं, ती धारणा.

ऐकताना मला माझी चूक दिसली. मी पांढरं पाहिलं आणि पंख न पाहताच बगळा ठरवून मोकळी झाले. मधली ईहा गाळलीच. वर धारणा इतकी पक्की, की चार वर्षांपूर्वीच्या एका लग्नात हे कुणाशी हसून बोलले होते, तेही पुरावा म्हणून आठवू लागलं.

मग मी ईहा करायला बसले. आधी पाहिलेलं आणि मनानं जोडलेलं वेगळं केलं. 'नऊला निघतात' हे पाहिलेलं. 'कुणाला तरी भेटायला' हे माझं. मग स्वतःला विचारलं, हा बगळाच असेल तर आणखी काय दिसायला हवं? पैसा कुठेतरी मुरायला हवा. घरखर्चाचे पैसे तर एक तारखेला पूर्वीसारखेच हातात येत होते. रविवारी बाहेर जायला सबबी हव्यात. हे दिवसभर घरीच. आणि वार कसे काय ठरलेले? चोरून भेटणारा माणूस वेळ सापडेल तसा जातो. मंगळवार-शुक्रवार हे तर शाळेच्या वेळापत्रकासारखं वाटत होतं.

एवढ्यावरून उत्तर मिळालं नाही, पण विचारायचं कसं ते कळलं. "कोण आहे ती?" असं विचारलं असतं, तर तो निकाल झाला असता. मी म्हटलं, "तुम्ही नऊला जाता, दोन दिवस मी एकटीच जेवते. काय चाललंय ते कळत नाही, आणि मनात वाईट येतं."

हे काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एक वही समोर ठेवली. जीएसटी जुलैत लागू झाला होता. शेठजींच्या मुलाने सांगितलं होतं, दिवाळीनंतर हिशेब कॉम्प्युटरवरच. चोपड्या लिहिण्यात आयुष्य गेलेला माणूस आठवड्यातून दोन संध्याकाळी क्लासला जात होता आणि सकाळी पेढीवर कुणी यायच्या आत सराव करत होता. क्लासची पोरं 'दादाजी' म्हणायची, म्हणून केस रंगवले. मोबाईलवर क्लासचे मेसेज यायचे, म्हणून तो पालथा. नोकरी जाईल, ही भीती मला दाखवायची नव्हती.

आमच्या इंदूरच्या काच मंदिरात एकच मूर्ती आरशांतून अनेक दिसते. माझे सगळे पुरावे तसेच होते: गोष्ट एक, प्रतिबिंबं पाच. मी ती वेगवेगळी मोजली.

पण प्रत्येक वेळी पताकाच असते असंही नाही. माझ्या एका मैत्रिणीकडे अशाच खुणा होत्या. तिनंही घाई केली नाही. पण नवरा भोपाळला म्हणून सांगून गेला तेव्हा इंदुरातच होता, हे तीनदा उघड झालं, आणि पासबुकातली रक्कम गेली कुठे ते तो सांगू शकला नाही. पंख हलताना दिसल्यावरही पताका म्हणत राहणं, हेही खोटंच ज्ञान. तिनं निर्णय घेतला, आणि तो योग्य होता.

आमच्याकडे सगळं निवळलं. तरी पुढे कितीतरी दिवस त्या अत्तराचा वास आला की माझ्या पोटात कालवायचं. ईहा गाळून केलेली धारणा खरं कळल्यावरही लगेच जात नाही. हे मात्र मला अजून माहीत नसलेलं बरं, म्हणून मी ह्यांना कधी सांगितलेलं नाही, की एका रात्री तो पालथा मोबाईल मी सुलटा केला होता.