वाडी कुठे घालवलीत?

पेनं खाली ठेवा आणि इकडे बघा. कुजबुज नको, खिडकीबाहेर समुद्रही नको. तो संध्याकाळपर्यंत कुठे जात नाही.

गणित सगळ्यांना एकच घातलं होतं. नकाशाचं प्रमाण 1:5000, नकाशावर वाडीचं क्षेत्रफळ 12.6 चौरस सेंटिमीटर, तर प्रत्यक्ष जमीन किती? दोन ओळींचं काम. आणि तुम्ही काय लिहून दिलंत? निम्म्या वर्गाने 12.6 ला 5000 ने गुणलं, चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर केले आणि खाली ठळक अधोरेखित केलं: 6.3 चौरस मीटर. अरे, मुरुडची पोरं ना तुम्ही? दोन माडांमध्ये साडेसात मीटर अंतर सोडतात, हे घरी कुणी सांगितलं नाही का? म्हणजे एका माडाच्या वाट्याला 56 चौरस मीटर जागा येते. तुमच्या त्या अख्ख्या ‘वाडीत’ एक माडही धड उभा राहत नाही, आणि उत्तराखाली रेघ मात्र पट्टी लावून मारलेली!

चौघे सोडले तर उरलेल्यांनीही हसू नये. त्यांचा गुन्हा मोठा आहे. त्यांनी 1 सेंटिमीटर म्हणजे 50 मीटर हे बरोबर काढलं आणि मग 12.6 ला 50 ने गुणून 630 चौरस मीटर लिहिलं. 6.3 वाचून कुणीही थबकेल. 630 वाचून कुणी थबकत नाही, कारण सहा गुंठ्यांची जागा गावात कितीतरी असते. उत्तर खरं वाटतं म्हणून चूक पचते आणि पुढे जाते. अशी पचलेली चूक मला वेड्या चुकीपेक्षा जास्त खटकते.

आता नीट ऐका. नकाशावरचं प्रमाण लांबीचं असतं, फक्त लांबीचं. 1:5000 म्हणजे कागदावरचा 1 सेंटिमीटर जमिनीवर 5000 सेंटिमीटर, म्हणजे 50 मीटर. मग कागदावरचा 1 चौरस सेंटिमीटर किती? त्याची एक बाजू 50 मीटर, दुसरीही 50 मीटर. 50 गुणिले 50, म्हणजे 2500 चौरस मीटर. प्रमाण दोन्ही बाजूंना लागतं, एका बाजूला लावून दुसरी तशीच सोडता येत नाही. आता 12.6 ला 2500 ने गुणा: 31,500 चौरस मीटर. 10,000 ने भागा: 3.15 हेक्टर. सातबाऱ्यावर हेच 3 हेक्टर 15 आर असं दिसेल. तुमच्यापैकी कुणी तिचे सहा गुंठे केले, कुणी तेवढेही ठेवले नाहीत. बाकीची जमीन कुठे घालवलीत?

हे काही शहरातून आलेलं नवं शास्त्र नाही. तुमच्या आजोबांना विचारा. जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे 1089 चौरस फूट, तो एक गुंठा. दोन साखळ्या लांब, दोन साखळ्या रुंद असली तर किती गुंठे? दोन म्हणणारा म्हातारा मला दाखवा. तो चारच म्हणेल. जुन्या नकाशावर 1 इंच म्हणजे 20 साखळ्या असं प्रमाण असेल, तर त्यावरचा एक चौरस इंच म्हणजे 20 गुणिले 20, म्हणजे 400 गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून बरोबर 10 एकर. आजोबा हे तोंडी सांगतील आणि तुम्ही वहीत चुकता! पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे याच मुरुडात वाढले, एवढं तरी लक्षात असू द्या.

आता तुम्हा चौघांकडे वळतो, ज्यांनी वर्ग बरोबर केला आणि तरीही 15,750 चौरस मीटर आणलं. मान खाली घालू नका, नकाशा वर धरा. हा मूळ नकाशा आहे? नाही. मोठा कागद दप्तरात मावत नाही म्हणून तो झेरॉक्सवाल्याकडून ए-3 चा ए-4 करून आणलात. त्यात लांबी 71 टक्के राहते आणि क्षेत्रफळ निम्मं होतं. नकाशावरची वाडी 12.6 ची 6.3 चौरस सेंटिमीटर झाली, तुम्ही तिला 2500 ने गुणलंत आणि अर्धी जमीन झेरॉक्सच्या दुकानात सोडून आलात. ‘पण सर, कोपऱ्यात 1:5000 लिहिलंय’ हे मला सांगू नका. छापलेले आकडे कागद लहान झाला तरी बदलत नाहीत. खरं सांगते ती खालची रेषा, प्रमाणपट्टी, कारण नकाशाबरोबर तीही आक्रसते. मूळ नकाशावर 200 मीटरची पट्टी 4 सेंटिमीटर होती, तुमच्या कागदावर ती 2.83 भरते. म्हणजे 1 सेंटिमीटर आता सुमारे 70.7 मीटर, आणि त्याचा वर्ग सुमारे 5000. 6.3 गुणिले 5000, पुन्हा तेच 31,500. पट्टी मोजायला अर्धं मिनिट लागलं असतं.

आणि ती पट्टी नीट मोजा. 2.83 ला 2.8 वाचलंत तर लांबीत एक टक्का चुकलात, पण वर्ग केल्यावर क्षेत्रफळात दोन टक्के चुकता. इथे त्याचे सहा-सात गुंठे होतात.

शेवटचं, वाकड्या गडग्यांबद्दल. वाडीची हद्द सरळ नसेल तर ती पारदर्शक कागदावर उतरवा, मिलिमीटरच्या आलेख कागदावर ठेवा आणि चौकोन मोजा. अर्ध्याहून जास्त भरलेला धरायचा, कमी भरलेला सोडायचा. मोजायचं हद्दीच्या रेघेच्या मध्यापासून. अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ या नकाशावर जमिनीवरचे अडीच मीटर असते. आपली वाडी नकाशावर 4.2 बाय 3 सेंटिमीटर. तिच्या रेघेच्या बाहेरच्या कडेने मोजलंत तर चारही बाजू मिळून सुमारे 900 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे फुकटचे वाढतात. म्हणून 31,512.47 असलं उत्तर लिहून हुशारी दाखवू नका. या नकाशावरून ‘सुमारे 3.1 ते 3.2 हेक्टर’ इतकंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. शेजाऱ्याशी गडग्यावरून वाद असेल तर पट्टी घेऊन नकाशावर वाकू नका. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज असतो.

उद्या गणित पुन्हा करून आणा. पहिल्या ओळीत 1 सेंटिमीटर म्हणजे किती मीटर, दुसऱ्या ओळीत 1 चौरस सेंटिमीटर म्हणजे किती चौरस मीटर, आणि मगच गुणाकार. दुसरी ओळ नसलेली वही मी तपासणार नाही.